पगार थांबला की पगार खात्याचे काय होते?

*"वेर्ण्याच्या औषध कंपनीत चार वर्षे होतो. ऑगस्टअखेर ती नोकरी सोडून कुंडईला लागलो. नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खाते उघडून दिले. जुने पगार खाते तसेच आहे, त्यावर एक एसआयपी आणि विम्याचा हप्ता जातो. ते आपोआप बंद होईल का? त्यावरचा अपघात विमा चालू राहतो का? आणि दर महिन्याला मीच त्यात पंचवीस हजार टाकत राहिलो, तर ते पगार खातेच राहील ना?"*

नाही, नाही आणि बहुतेक नाही. खाते बंद होत नाही, विमा राहत नाही, आणि स्वतः टाकलेल्या पैशाला बँक पगार मानत नाही. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण तो कळला की बाकीचे आपसूक कळते.

मी एकतीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच फोंडा, मडगाव आणि डिचोली भागातल्या शाखांत. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांची पगार खाती उघडायला आम्ही फॉर्मांचे गठ्ठे घेऊन थेट त्यांच्या कॅन्टीनमध्ये बसायचो. एका दुपारी साठ-सत्तर खाती व्हायची. तुमचेही बहुधा असेच कॅन्टीनच्या टेबलावर उघडले असेल. तेव्हा कोणीतरी सांगितले असेल, "झिरो बॅलन्स आहे, काळजी नको." ते खरेच होते, पण अर्धे. झिरो बॅलन्सची सवलत तुम्हाला दिलेली नसते. ती तुमच्या कंपनीच्या आणि बँकेच्या करारातून आलेली असते. बँकेच्या संगणकात तुमच्या खात्याला दोन गोष्टी चिकटवलेल्या असतात: एक स्कीम कोड, म्हणजे खाते कोणत्या प्रकारचे ते, आणि एक कंपनीचा टॅग. महिन्याच्या शेवटी कंपनी पगाराची फाइल पाठवते, त्या फाइलमधून जमा झालेली रक्कम "पगार" म्हणून ओळखली जाते. तुम्ही नव्या खात्यातून पंचवीस हजार पाठवले, तर ती संगणकाच्या दृष्टीने कोणीतरी केलेली साधी एनईएफटी. रक्कम तीच, तारीखही तीच, तरी पगार नाही.

यात एक फसगत अशीही होते की माणूस खरोखरचा पगार जुन्या खात्यात घेतो आणि तरी खाते बदलते. नव्या कंपनीच्या एचआरला तुम्ही जुना खाते क्रमांक दिला, तिने दरमहा दुसऱ्या बँकेतून एनईएफटीने पगार पाठवला, पण खात्यावरचा टॅग मात्र जुन्याच कंपनीचा राहिला. काही बँका अशी जमा पगार म्हणून धरतात, काही धरत नाहीत. म्हणून नव्या कंपनीचा त्याच बँकेशी करार असेल, तर नेमणूकपत्र आणि ओळखपत्राची प्रत घेऊन शाखेत जायचे आणि "पगार खाते नव्या कंपनीशी जोडा" असा लेखी अर्ज द्यायचा. हे काम तिथल्या तिथे होते. पण आपणहून कोणी करत नाही, ना एचआर, ना शाखा.

आता पगार थांबल्यावर काय होते ते. बहुतेक बँका सलग तीन महिने वाट बघतात, काही दोनच. त्या मुदतीत पगाराची एकही जमा दिसली नाही की एका रात्री संगणकच स्कीम कोड बदलतो. खाते क्रमांक तोच, पासबुक तेच, कार्ड तेच, यूपीआय चालू. बाहेरून काहीच कळत नाही. पण त्या दिवसापासून ते साधे बचत खाते असते आणि त्या बँकेच्या साध्या खात्याचे सगळे नियम त्याला लागतात. कळून घ्यायचे असेल तर नेटबँकिंगमध्ये किंवा स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर खात्याच्या प्रकारापुढे काय लिहिले आहे ते बघा. "सॅलरी" किंवा "कॉर्पोरेट" असा शब्द जाऊन तिथे नुसते "सेव्हिंग्ज" आले असेल तर बदल झाला.

हा बदल किती महाग पडतो ते बँकेवर अवलंबून आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच सगळ्या बचत खात्यांची किमान शिल्लकेची अट काढली. २०२५ च्या जूनमध्ये कॅनरा बँकेने आणि जुलैमध्ये पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा अशांनीही दंड बंद केला. तुमचे जुने खाते अशा बँकेत असेल तर तुमचा निम्मा प्रश्न सुटला. खासगी बँकेत असेल तर पुढचे नीट वाचा.

आमच्या शेजारचा एक मुलगा, तुमच्यासारखाच, फोंड्याहून कंपनीच्या बसने वेर्ण्याला जायचा. मे महिन्यात नोकरी सोडली. शेवटचा पगार ३१ मे रोजी जमा. जून, जुलै, ऑगस्ट कोरे गेले. १ सप्टेंबरपासून खाते साधे झाले आणि दरमहा सरासरी दहा हजार शिल्लक ठेवायची अट लागली. त्या दिवशी खात्यात ५,००० रुपये होते. सप्टेंबर म्हणजे चवथीचा महिना. १० तारखेला त्याने माटोळीच्या आणि फटाक्यांच्या खर्चाला ४,००० काढले, १,००० उरले.

सरासरी शिल्लक म्हणजे महिन्यात कधीतरी दहा हजार दिसणे नव्हे, आणि रोज दहा हजार असणेही नव्हे. प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, सगळ्या दिवसांची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचे. त्याचे पहिले नऊ दिवस ५,००० प्रमाणे ४५,००० झाले. उरलेले एकवीस दिवस १,००० प्रमाणे २१,०००. बेरीज ६६,०००, भागिले तीस, सरासरी २,२०० रुपये. दहा हजाराला ७,८०० कमी पडले. त्या बँकेच्या दरपत्रकात तुटीच्या ६ टक्के शुल्क होते, म्हणजे ४६८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ८४.२४. एकूण ५५२.२४. ऑक्टोबरच्या ३ तारखेला ते खात्यातून कापले गेले आणि १,००० चे ४४७.७६ झाले.

इथपर्यंत नुसता दंड. खरा घोळ १० ऑक्टोबरला झाला. त्या तारखेला त्याची हजार रुपयांची एसआयपी जायची होती. खात्यात हजार नाहीत, म्हणून ती परत गेली. हप्ता आपोआप कापायची आपण बँकेला दिलेली परवानगी म्हणजे मॅन्डेट. ते परत गेल्याचे बँकेचे शुल्क ५०० आणि जीएसटी ९०, एकूण ५९०. खात्यात होते ते ४४७.७६ त्यात गेले, शिल्लक शून्य, आणि १४२.२४ येणे म्हणून नोंद राहिली. त्याला यातले काहीच माहीत नव्हते. कळले ते आठवडाभराने. जुन्या कंपनीने दिवाळीआधी मागच्या वर्षाचा बोनस ७,००० रुपये त्याच खात्यात टाकला, आणि संध्याकाळी यूपीआयवर बघतो तर ६,८५७.७६. बोनसचे पैसे येताच बँकेने आपली उधारी वळती करून घेतली होती. तो कंपनीला फोन करून बोनस कमी दिला म्हणून भांडला, मग माझ्याकडे आला.

मी त्याचे स्टेटमेंट मागवले आणि पहिला प्रश्न विचारला: बँकेने तुला कळवले होते का? तो म्हणाला, काहीच नाही. बँक म्हणाली, कळवले होते. दोघेही खरे बोलत होते. कॅन्टीनमध्ये खाते उघडताना फॉर्मवर मोबाइल म्हणून कंपनीने दिलेले सिम आणि ईमेल म्हणून कंपनीचा पत्ता लिहिला होता. नोकरी सोडली त्या दिवशी सिम परत दिले आणि ईमेल बंद झाला. पुढे बँकेने पाठवलेले सगळे संदेश त्या बंद पेटीत पडत होते. औद्योगिक वसाहतीतल्या खात्यांत हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आजही कोणी नोकरी सोडतो म्हणाला की मी आधी विचारतो, बँकेत नंबर कोणाचा आहे? यूपीआय त्याने नव्या बँकेच्या अॅपवरून जुने खाते जोडून चालवले असते तर नंबर जुळला नाही हे लगेच कळले असते. पण त्याच्या जुन्या फोनमध्ये ते चालूच राहिले होते, म्हणून शंका आली नाही.

पण "कळवले होते" यात बँकेची एक चूक होती आणि ती तुम्हालाही उपयोगी पडेल. रिझर्व्ह बँकेचा यावर नियम आहे, नोव्हेंबर २०१४ चा, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी पडली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसे कळवायचे आणि शिल्लक भरून काढायला त्या सूचनेपासून किमान एक महिना द्यायचा. तरीही भरली नाही तरच शुल्क घ्यायचे. शुल्क तुटीच्या प्रमाणात असले पाहिजे, आणि केवळ किमान शिल्लकेच्या शुल्कामुळे खाते उणे जाता कामा नये. बँकेकडे पाठवल्याची नोंद होती ती १ सप्टेंबरच्या संदेशाची. त्यात "आपले खाते साध्या बचत खात्यात बदलले आहे" एवढेच होते. ती खातेबदलाची सूचना झाली. तूट त्यानंतर पडली, आणि तुटीची वेगळी सूचना गेली नव्हती. सप्टेंबरची तूट ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळवली असती, तर महिनाभराची मुदत नोव्हेंबरपर्यंत गेली असती. ३ ऑक्टोबरला शुल्क घेणे नियमात बसत नव्हते. आणि ते घेतले नसते तर १० तारखेला खात्यात बरोबर १,००० असते आणि एसआयपी गेली असती. म्हणजे ५९० चा भुर्दंडही त्याच चुकीचा.

आम्ही एका पानाचा अर्ज केला. भांडण नाही, फक्त तारखा: खाते कधी बदलले, तूट कोणत्या महिन्याची, शुल्क कधी कापले, तुटीची सूचना कोणत्या तारखेला आणि कोणत्या क्रमांकावर पाठवली ते दाखवा, नसेल तर ५५२.२४ आणि त्यामुळे झालेले ५९० परत जमा करा. शाखेतल्या मुलीने आधी "सिस्टिम कापते सर, आमच्या हातात नाही" हे नेहमीचे वाक्य म्हटले. मीही ते वाक्य हजारदा म्हटले आहे, म्हणून मला त्याची किंमत माहीत आहे. शुल्क परत करायचा अधिकार शाखा व्यवस्थापकाला ठराविक मर्यादेपर्यंत असतो, आणि अर्जावर पोचशिक्का मारून घेतला की तो वापरायची त्याला निकड वाटते. बाराव्या दिवशी पैसे परत आले. आले नसते तर तीस दिवस थांबून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची तयारी होती. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. म्हणून तो शिक्का.

एक बारकावा. खाते उणे जाऊ न देण्याचे जे संरक्षण आहे ते फक्त किमान शिल्लकेच्या शुल्काला आहे. डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे शुल्क, मॅन्डेट परत गेल्याचे शुल्क यांना ते नाही. पगार खात्यावर कार्ड फुकट होते, साध्या खात्यावर त्याची वर्षगाठ आली की फी नावे पडते. "खात्यात शून्य आहे, काय कापणार" असे म्हणून सोडून दिलेले खाते म्हणूनच हळूहळू उधारीचे होते. पुढे कधी त्यात पैसे आले की आधी ती उधारी जाते. एटीएमचेही असेच: अमर्याद फुकट असायचे, आता आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर गोव्यात पाच मिळतात, कारण मुंबई-बेंगळुरूसारखी तीनची मर्यादा महानगरांना आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर.

आता विम्याचे. याची मला जास्त काळजी वाटते, कारण दंड दिसतो तरी, विमा गेलेला दिसतच नाही. पगार खात्यावरचा अपघात विमा हा बँकेने विमा कंपनीकडून घेतलेला सामूहिक विमा असतो. तुमच्या हातात पॉलिसी नसते, हप्ता तुम्ही भरलेला नसतो, घरच्यांना बहुधा ठाऊकही नसतो. त्याच्या अटींत जवळपास नेहमी असते की अपघाताआधीच्या अमुक महिन्यांत पगार जमा झालेला असला पाहिजे. ही मुदत खाते बदलण्याच्या मुदतीहून छोटीही असू शकते. म्हणजे खात्यावर अजून "सॅलरी" लिहिलेले असेल आणि विमा मात्र आधीच संपलेला असेल. डेबिट कार्डासोबतचा अपघात विमा हा आणखी वेगळा. त्याला पगाराशी देणेघेणे नसते, पण अपघाताआधीच्या ठराविक दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. जुने कार्ड पाकिटाच्या आतल्या कप्प्यात गेले की तोही जातो.

तुम्ही ऑगस्टअखेर निघालात. जुन्या खात्यावरचा विमा आता नाहीच असे धरून चला. नव्या बँकेत आहे का ते एचआरला विचारू नका, बँकेच्या शाखेत विचारा: कव्हर किती, पहिल्या पगारापासून की दुसऱ्यापासून, आणि नॉमिनीची नोंद झाली आहे का. उत्तर कागदावर किंवा ईमेलवर घ्या आणि तो कागद घरी दाखवून ठेवा. रोज कुंडईला स्कूटरने जात असाल तर हे अर्ध्या तासाचे काम या आठवड्यात करा.

तुम्ही "विम्याचा हप्ता" म्हटले आहे तो जर पंतप्रधान विमा योजनांचा असेल, म्हणजे २० रुपयांचा सुरक्षा विमा किंवा ४३६ रुपयांचा जीवनज्योती, तर त्यांचा पगाराशी संबंध नाही. खाते साधे झाले तरी ते चालू राहतात. पण ते त्या खात्याला बांधलेले आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता कापला जातो, आणि त्या वेळी खात्यात पैसे नसतील किंवा खाते बंद केले असेल तर कव्हर संपते. नव्या खात्यातून पुन्हा घेता येतो, फक्त जीवनज्योती नव्याने घेतली की पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य कारणाने झालेल्या मृत्यूचा दावा मिळत नाही. दोन्ही खात्यांतून एकाच वेळी हप्ते भरण्यात अर्थ नाही. दावा एकाच खात्याचा मिळतो.

पगारावर ओव्हरड्राफ्ट घेतलेला असेल, किंवा त्याच बँकेचे घरकर्ज असेल, तर मंजुरीपत्र काढून वाचा. ओव्हरड्राफ्टची मर्यादा पगार थांबला की गोठते आणि बाकी भरायला सांगतात. घरकर्जात पगार खात्यामुळे व्याजात सूट दिलेली असेल तर ती परत घ्यायचे कलम असू शकते. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी डिचोली भागात होतो. माणसे हप्त्याची मुदत वाढवून मागायला यायची, आणि बोलता बोलता कळायचे की पगार खात्याचा ओव्हरड्राफ्टही पूर्ण वापरलेला आहे. तो वापरताना कोणालाच ते कर्ज वाटत नव्हते. खात्यात दिसणारा आकडा म्हणजे आपलेच पैसे, अशी समजूत.

मग तुम्ही काय करावे? जुन्या खात्याचे तुम्हाला आता काही कारण उरलेले दिसत नाही, तेव्हा ते बंद करा असे मी म्हणेन. पण आज नाही. आधी जुन्या कंपनीकडून अजून काही यायचे आहे का ते बघा. अंतिम हिशेबाची रक्कम आली असेल, पण बोनसला पात्र असाल तर तो आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि तो जुन्याच खात्यात येतो. खाते बंद असेल तर रक्कम परत जाते आणि मग कंपनीच्या लेखा विभागामागे लागावे लागते.

तोवर मॅन्डेट हलवा. यासाठी तीन महिन्यांचे नको, पुरते तेरा महिन्यांचे स्टेटमेंट काढा. वर्षातून एकदाच जाणारे हप्ते तीन महिन्यांत दिसत नाहीत. त्यात नावे पडलेल्या प्रत्येक ओळीला विचारा, हे पुढच्या वेळी कुठून जाणार? एसआयपीचे खाते बदलायला फंड हाउसला साधारण तीन-चार आठवडे लागू शकतात, तोवर जुन्या खात्यात त्या हप्त्याएवढे पैसे ठेवावे लागतील. जमेच्या ओळीही बघा: गॅसचे अनुदान, आयकराचा परतावा, लाभांश. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला जोडलेले खाते बहुतेकांचे जुनेच असते. खाते बंद केल्यानंतर पीएफ काढायला अर्ज केला की पैसे परत फिरतात, म्हणून तिथे नवे खाते आधी नोंदवा. आधारशी जोडलेले खातेही असेच. सरकारी अनुदान शेवटचे आधार ज्या बँकेत जोडले तिकडे जाते.

या मधल्या महिन्यांत किमान शिल्लकेचा दंड टाळायचा असेल तर त्या बेरजेचाच उपयोग करा. एकतीस दिवसांच्या महिन्यात दहा हजाराची सरासरी म्हणजे तीन लाख दहा हजारांची बेरीज. २० तारखेला नव्या खात्यातून २६,००० आणून महिनाअखेरपर्यंत बारा रात्री ठेवले तर बारा गुणिले सव्वीस हजार, तीन लाख बारा हजार. झाली सरासरी. १ तारखेला पैसे परत घेऊन जा. यात फसवेगिरी काही नाही, बँकेचाच हिशेब आहे. फक्त आधी दोन गोष्टी विचारून घ्या: तुमच्या बँकेत सरासरी महिन्याची धरतात की तिमाहीची, आणि खात्यावर जुनी उधारी आहे का. असेल तर आणलेल्या पैशातून ती पहिली जाईल.

गोव्यात आणखी एका तऱ्हेच्या लोकांना हे दरवर्षी सोसावे लागते, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ऑक्टोबर ते मे काम करणाऱ्यांचा पगार पावसाळ्यात थांबतो, तीन महिने भरतात आणि सीझन सुरू व्हायच्या तोंडावर खाते बदललेले असते. त्यांनी पगार खासगी बँकेत घेतला तरी बचत किमान शिल्लक नसलेल्या सरकारी बँकेत ठेवावी, किंवा आहे त्याच बँकेत मूलभूत बचत खाते मागून घ्यावे, ज्याला शिल्लकेची अटच नसते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

काहीच केले नाही तर? दोन वर्षे तुम्ही स्वतः कोणताच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. तेव्हापासून किमान शिल्लकेचा दंड बँकेला घेता येत नाही आणि खाते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, ती तिथूनही मागता येते. पण तुमच्या खात्यातून एसआयपी जाते आहे, तेव्हा तुम्ही त्या वाटेला लागलेलेच नाही. तुमच्या बाबतीत दंडाचीच वाट मोकळी आहे.

बंद करायच्या दिवशी शाखेत जाण्याआधी घरी बसून जितकी मिळतील तितक्या वर्षांची स्टेटमेंट आणि या आर्थिक वर्षाचे व्याजाचे प्रमाणपत्र उतरवून घ्या. खाते बंद झाले की नेटबँकिंगही जाते, आणि विवरणपत्र भरताना किंवा कर्जाला नेमके तेच लागते. शाखेत बंद करण्याचा फॉर्म, उरलेले चेक आणि कार्ड द्या. खाते वर्षाहून जुने असल्यामुळे बंद करायचे शुल्क बहुतेक ठिकाणी लागणार नाही. शिल्लक नव्या खात्यात पाठवायला सांगा, आणि फॉर्मच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. नंबर आणि ईमेल मात्र बंद करायच्या दिवसाची वाट न बघता आजच बदला, कारण तोवरचे सगळे संदेश तिकडेच जाणार आहेत.